शून्यावर न थांबणारा ठोकळा

पंपहाउसमध्ये किंवा बॉयलरच्या खोलीत मुरलेला ऑपरेटर प्रेशर गेजचा आकडा वहीत उतरवण्याआधी गेजच्या काचेवर बोटाने एक-दोन टिचक्या मारतो. काटा किंचित सरकतो, मग तो आकडा लिहितो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुने अ‍ॅमीटर हाताळलेल्यांनाही ही सवय ठाऊक असेल. तिच्यामागे भक्कम कारण आहे. काटा जिथे येऊन थांबलेला दिसतो, ती त्याची खरी जागा असेलच असे नाही. खऱ्या जागेच्या अलीकडे किंवा पलीकडे घर्षणाने त्याला अडवून धरलेले असू शकते. टिचकीने ती पकड क्षणभर सुटते आणि काटा खऱ्या जागेकडे सरकतो.

काट्याला असे अडवणारे कोरडे घर्षण त्याच्या हेलकाव्यांचाही हिशेब ठरवते. बारावीच्या पुस्तकात हेलकावे कमी होत जाण्याचे जे गणित असते, ते बहुधा हवेच्या किंवा तेलाच्या विरोधाचे असते. त्या गणितात झोका लहान लहान होत जातो, पण पूर्ण थांबत कधीच नाही, निदान कागदावर तरी नाही. कोरड्या घर्षणाचे गणित निराळे आहे. इथे झोका दर खेपेला नेमका तेवढ्याच सेंटिमीटरने आखडतो, ठरावीक वेळात पूर्ण थांबतो, आणि थांबतो तो बहुतेकदा शून्यावर नाही. हे सगळे एका ठोकळ्यावर आणि एका स्प्रिंगवर, वजाबाकीपलीकडचे फारसे गणित न वापरता, शेवटपर्यंत सोडवून दाखवता येते.

आधी घर्षणाचा स्वभाव पाहू. फ्रान्समधल्या गियोम आमोंताँ यांनी 1699 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले की घर्षण हे एकमेकांवर टेकलेल्या पृष्ठभागांच्या क्षेत्रफळावर नाही, तर त्यांच्यावरच्या भारावर अवलंबून असते. पुढे लष्करी अभियंता शार्ल कुलोम (विद्युतभाराच्या नियमामुळे आपण ज्यांना ‘कूलॉम’ म्हणून ओळखतो तेच) यांनी रोशफोरच्या नौदल गोदीत लाकूड, धातू आणि दोरखंड यांच्यावर कसून प्रयोग केले. 1781 मध्ये त्यांना अकादमीचे पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी. त्यांच्या निष्कर्षांतले दोन आपल्याला पुरेसे आहेत. घसरणाऱ्या वस्तूवरचे घर्षण तिच्या वेगावर जवळजवळ अवलंबून नसते. वस्तू सावकाश सरको की भरकन, विरोध तेवढाच. आणि स्थिर वस्तू हलवायला लागणारे बळ, ती हलल्यावर तिला सरकती ठेवायला लागणाऱ्या बळापेक्षा बहुधा जास्त असते. जड कपाट ढकलणाऱ्याला पहिला धक्काच जोराचा का द्यावा लागतो, याचे उत्तर या दुसऱ्या निष्कर्षात आहे.

आता मांडणी. टेबलावर अर्धा किलोचा लाकडी ठोकळा आहे. त्याला आडवी स्प्रिंग जोडली आहे आणि स्प्रिंगचे दुसरे टोक भिंतीला पक्के केले आहे. स्प्रिंग दर मीटरला 50 न्यूटन इतकी ताठ आहे, म्हणजे ती 1 सेंटिमीटर ताणायला अर्धा न्यूटन बळ लागते. सरकत्या ठोकळ्यावर टेबलाचे घर्षण 1 न्यूटन आहे. स्प्रिंग ना ताणलेली ना दाबलेली असते त्या जागेला शून्य म्हणू. ठोकळा उजवीकडे 15 सेंटिमीटर ओढून हलकेच सोडून दिला. पुढे काय होईल?

अडचण घर्षणाच्या दिशेची आहे. घर्षण नेहमी गतीच्या उलट असते. ठोकळा डावीकडे निघाला की ते उजवीकडे ढकलते, ठोकळा परत फिरला की त्याच क्षणी तेही उलटते. म्हणून संपूर्ण हालचालीसाठी एकच साधे समीकरण लिहिता येत नाही. दोन लिहावी लागतात:

m x″ + k x = +f   (ठोकळा डावीकडे जात असताना)

m x″ + k x = −f   (ठोकळा उजवीकडे जात असताना)

इथे m हे वस्तुमान, k हा स्प्रिंगचा ताठरपणा, f हे घर्षण आणि x हे शून्यापासूनचे अंतर. पूर्ण हालचाल एकदम सोडवायला गेले की डोके चक्रावते, पण एका वेळी एकच फेरी घेतली तर दोन्ही समीकरणे अगदी ओळखीची निघतात. एका फेरीत घर्षणाची दिशा बदलत नाही आणि मापही बदलत नाही. मग ते एखाद्या स्थिर बळासारखेच झाले. आणि स्प्रिंगला टांगलेल्या वस्तूवर स्थिर बळ लावले की काय होते, हे प्रत्येकाने पाहिले आहे: वस्तू आधीसारखीच झुलते, फक्त झुलण्याचा मध्य थोडा सरकतो. स्प्रिंगला टांगलेले वजन स्प्रिंगच्या मूळ टोकाभोवती न झुलता थोड्या खालच्या जागेभोवती झुलते, कारण गुरुत्वाने मध्य खाली नेलेला असतो. घर्षणही असेच मध्य सरकवते.

किती सरकवते? 1 न्यूटन घर्षण पेलायला ही स्प्रिंग जितकी ताणावी लागेल तितके, म्हणजे f भागिले k. आपल्या आकड्यांत 2 सेंटिमीटर. ठोकळा डावीकडे जाताना घर्षण उजवीकडे ढकलते, म्हणून त्या फेरीचा मध्य शून्यावर नसून +2 वर असतो. उजवीकडे परतताना मध्य −2 वर. प्रत्येक फेरी म्हणजे कुठल्यातरी एका मध्याभोवतीचा घर्षणविरहित, शुद्ध अर्धा झोका. या विषयाची किल्ली एवढीच आहे.

आता आकडे चालवू. ठोकळा +15 वरून सुटला. या फेरीचा मध्य +2, म्हणजे ठोकळा मध्यापासून 13 सेंटिमीटर दूर आहे. शुद्ध झोका मध्याच्या पलीकडे तितकाच जातो, म्हणून तो 2 उणे 13, म्हणजे −11 वर पोहोचून क्षणभर थबकतो. कागदावर या तुकड्याचे उत्तर x = 2 + 13 cos(10t) असे एका ओळीत मावते. त्यातला 10 हा आकडा ताठरपणा आणि वस्तुमान यांतून आला आहे: 50 भागिले 0.5 बरोबर 100, त्याचे वर्गमूळ 10. वेग सर्वांत जास्त होतो तो शून्यावर नाही, तर +2 वर. शून्य गाठेपर्यंत ठोकळा थोडा मंदावलेला असतो.

−11 वर त्याचा वेग शून्य आहे. इथे दर वेळी एक प्रश्न विचारायचा: स्प्रिंगची ओढ घर्षणावर मात करू शकते का? 11 सेंटिमीटर ताणाला साडेपाच न्यूटन ओढ, समोर घर्षण एक न्यूटन. ठोकळा सहज निघतो. आता मध्य −2. त्यापासूनचे अंतर 9. तितकेच पलीकडे गेले की +7. पुन्हा प्रश्न, पुन्हा होकार. डावीकडची फेरी, मध्य +2, अंतर 5, पोहोचला −3 वर.

पुढची फेरी जरा सावकाश पाहू. −3 वर स्प्रिंगची ओढ दीड न्यूटन आहे. घर्षण एक न्यूटन, म्हणून ठोकळा अजून हलतो. उजवीकडच्या फेरीचा मध्य −2, आणि ठोकळा त्यापासून फक्त 1 सेंटिमीटर दूर. पलीकडे तेवढेच गेले की −1. म्हणजे या फेरीत ठोकळा शून्य ओलांडतच नाही. डावीकडूनच निघतो आणि डावीकडेच थांबतो. −1 वर स्प्रिंगची ओढ अर्धा न्यूटन उरली आहे आणि घर्षण एक न्यूटनपर्यंत विरोध करू शकते. प्रश्नाचे उत्तर या वेळी नाही असे येते. ठोकळा थांबला, कायमचा.

थांबण्याच्या जागा क्रमाने अशा: +15, −11, +7, −3, −1. चिन्हे बाजूला ठेवली तर 15, 11, 7, 3 ही उतरंड दर पायरीला 4 सेंटिमीटरची आहे. 4 म्हणजे मध्याच्या सरकण्याची दुप्पट. दर अर्ध्या झोक्याला 2f/k एवढा पल्ला कमी होतो, पूर्ण झोक्याला त्याच्या दुप्पट, आणि झोका मोठा असो वा लहान, ही वजाबाकी बदलत नाही. वेळेचा हिशेब तर याहून सोपा. मध्य कुठेही सरकला तरी स्प्रिंग आणि वस्तुमान तेच आहेत, म्हणून प्रत्येक अर्ध्या झोक्याला 0.314 सेकंदच लागतात. चार अर्धे झोके, म्हणजे 1.26 सेकंदांत खेळ संपला. ‘जवळजवळ थांबला’ नाही, तर पूर्ण थांबला.

ऊर्जेच्या बाजूने पडताळा घेता येतो, आणि विद्यार्थ्याने तो घ्यावाच, कारण चिन्हाची एखादी चूक झाली असेल तर इथे पकडली जाते. सुरुवातीला ताणलेल्या स्प्रिंगमध्ये 0.5625 ज्यूल ऊर्जा होती. ठोकळ्याने 26, 18, 10 आणि 2 असे एकूण 56 सेंटिमीटर अंतर कापले. एक न्यूटन घर्षणाविरुद्ध 0.56 मीटर, म्हणजे 0.56 ज्यूल उष्णतेत गेले. उरायला हवेत 0.0025 ज्यूल. −1 सेंटिमीटरवर दाबल्या गेलेल्या स्प्रिंगमध्ये नेमके तेवढेच साठलेले आहेत. हिशेब पैशाला पैसा जुळतो.

पायरी नेहमी सारखीच का, हेही ऊर्जेतून उमगते. एका टोकाचा पल्ला A₁ आणि पुढच्या टोकाचा A₂ असेल, तर

½k(A₁² − A₂²) = f(A₁ + A₂)

डाव्या बाजूला स्प्रिंगने गमावलेली ऊर्जा, उजव्या बाजूला घर्षणाने खाल्लेली. डाव्या कंसाचे (A₁ − A₂)(A₁ + A₂) असे अवयव पाडले की (A₁ + A₂) दोन्हीकडून निघून जातो आणि A₁ − A₂ = 2f/k उरते. साध्या भाषेत, साठलेली ऊर्जा पल्ल्याच्या वर्गाने वाढते आणि घर्षणाचा खर्च पल्ल्याच्या प्रमाणात वाढतो. या दोन्ही वाढी अशा रीतीने जुळतात की पल्ल्यातली घट कायम राहते. घर्षण वेगावर अवलंबून नाही, या कुलोमच्या निरीक्षणाचा हा थेट परिणाम आहे.

तेलात किंवा हवेत झुलणाऱ्या वस्तूचे असे नसते. तिथे विरोध वेगाच्या प्रमाणात असतो (हवेत हे मंद गतीपुरतेच खरे), म्हणून झोका लहान झाला की विरोधही लहान होतो, आणि दर अर्ध्या झोक्याला वजाबाकी न होता ठरावीक टक्के कपात होते. आपल्या ठोकळ्याची पहिली घट 15 वरून 11 अशी होती. तेवढ्याच टक्केवारीने घट चालू ठेवली तर पुढचे आकडे 11 वरून 8.1, मग 5.9, मग 4.3 असे येतात. दहा अर्ध्या झोक्यांनंतरही सुमारे 7 मिलिमीटर पल्ला शिल्लक असतो. कर्ज ठरावीक हप्त्याने फेडले तर एक दिवस संपते. दरमहा शिल्लक रकमेचे ठरावीक टक्केच भरले तर कागदावर कधीच संपत नाही. कोरडे घर्षण हप्त्याने वसूल करते, तेल टक्क्याने.

हा सगळा प्रवास समीकरण न सोडवता कंपासने काढता येतो, आणि माझ्या मते तो शिकवण्याची याहून चांगली रीत नाही. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर ठोकळ्याची जागा घ्यायची, उभ्या अक्षावर वेग भागिले 10. या प्रमाणात शुद्ध झोका म्हणजे वर्तुळ होते. डावीकडची गती अक्षाच्या खाली, उजवीकडची वर. मग आडव्या अक्षावर +2 आणि −2 असे दोन बिंदू टोचून घ्यायचे. कंपासचे टोक +2 वर ठेवून 13 त्रिज्येचे अर्धवर्तुळ खालच्या बाजूला काढा, ते −11 वर अक्षाला टेकेल. तिथून टोक −2 वर हलवून 9 त्रिज्येचे अर्धवर्तुळ वर काढा. मग खाली +2 वरून 5 चे, मग वर −2 वरून 1 चे. त्रिज्या 13, 9, 5, 1. चार अर्धवर्तुळांचा एक आखीव शंख तयार होतो आणि शेवटची छोटी कमान −1 वर टेकून थांबते. दोन मध्यबिंदूंच्या मधल्या पट्टीत वक्र एकदा अक्षाला टेकला की पुढची कमान काढताच येत नाही.

त्या पट्टीत, म्हणजे −2 पासून +2 पर्यंत, ठोकळा वेगाविना कुठेही ठेवला तरी तो तिथेच राहतो. म्हणून थांबण्याची जागा आपण सुरुवात कुठून केली यावर ठरते. 15 वरून सोडला तर −1 वर थांबतो. हाच हिशेब 16 वरून केला तर तो नेमका शून्यावर थांबतो, 17 वरून केला तर +1 वर. गेजचा काटा कधी थोडा अलीकडे, कधी थोडा पलीकडे थांबतो तो याच कारणाने. पट्टीची रुंदी आणि उतरंडीची पायरी एकाच आकड्यातून निघतात: पायरी 4 सेंटिमीटर, पट्टीची एकूण रुंदीही 4 सेंटिमीटर. एक मोजले की दुसरे कळते.

इथे कुलोमचा दुसरा निष्कर्ष आठवायला हवा. स्थिर वस्तूचे घर्षण सरकत्या वस्तूपेक्षा जास्त असेल, तर अडकण्याची पट्टी त्या प्रमाणात रुंदावते, पण उतरंडीची पायरी तीच राहते, कारण पायरी सरकत्या घर्षणाने ठरते. समजा स्थिर ठोकळ्याला हलवायला 1.75 न्यूटन लागतात. मग पट्टी शून्याच्या दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटर होईल आणि आपला ठोकळा −3 वरच अडकेल. शेवटची छोटी फेरी होणारच नाही आणि हालचाल 0.94 सेकंदांतच संपेल. प्रत्यक्ष प्रयोगात शेवटची जागा दर वेळी थोडी बदलते, कारण टेबलावरचा एखादा खडबडीत ठिपकासुद्धा हा शेवटचा निर्णय फिरवू शकतो. उतरंडीचे आकडे मात्र पुन्हा पुन्हा तेच येतात.

संगणकावर हेच सोडवणारे अनेक जण याच टप्प्यावर फसतात. प्रोग्रॅममध्ये ‘घर्षण वेगाच्या चिन्हाच्या उलट’ असे लिहून छोट्या छोट्या कालखंडांनी पुढे जायचे, ही सरळ वाटणारी पद्धत. ती मोठ्या झोक्यांत ठीक चालते. पण ठोकळा थांबायला आला की एका पावलात वेग जरासा धन, पुढच्या पावलात जरासा ऋण, मग परत धन, असा तो थरथरत राहतो. पडद्यावर ठोकळा कधीच थांबत नाही. खूण ओळखायला सोपी आहे: आलेखाच्या शेपटीत करवतीच्या दात्यांसारखी बारीक नक्षी दिसते आणि कालखंड निम्मा केला की नक्षीही बारीक होते. उपाय आपण हाताने केला तोच. वेग शून्य होण्याचा क्षण शोधायचा, तिथे थांबायचे, स्प्रिंगची ओढ आणि स्थिर घर्षण यांची तुलना करायची, आणि ओढ कमी पडली तर गती संपल्याचे जाहीर करायचे. तुकड्यातुकड्याने सोडवणे ही केवळ कागदावरची सोय नाही. प्रोग्रॅमही तसाच लिहावा लागतो.

वास्तवात कोरडे घर्षण एकटे क्वचितच असते. मीटरच्या काट्यावर हवेचा विरोध असतो, चुंबकातून फिरणाऱ्या धातूच्या चौकटीत उमटणाऱ्या प्रवाहांचा विरोध असतो, शिवाय टोकाच्या बेअरिंगमधले कोरडे घर्षण असतेच. पहिले दोन वेगाच्या प्रमाणात असतात, म्हणून झोका मोठा असताना त्यांचे चालते आणि उतरंड वक्र दिसते. झोका लहान झाला की ते विरून जातात, पण कोरडे घर्षण तेवढेच राहते. म्हणून शेपटी सरळ होते आणि शेवटचा निर्णय नेहमी कोरड्या घर्षणाच्या हाती जातो. काही मीटरांत बेअरिंगच काढून टाकून काटा ताणलेल्या बारीक पट्टीवर टांगतात. त्यात घासायला काही उरत नाही, म्हणून असा काटा खऱ्या जागेवर येऊन थांबतो.

काटा खऱ्या जागी थांबत नसेल, तर खरी जागा कळणार कशी? जुन्या प्रयोगशाळांत नाजूक तराजूवर वजन करताना काटा थांबण्याची वाट पाहतच नसत. झुलत्या काट्याची लागोपाठची तीन टोके टिपायची, पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी काढायची, मग त्या सरासरीची आणि मधल्या टोकाची पुन्हा सरासरी. आपल्या ठोकळ्यावर करून पाहू. टोके +15, −11, +7. पंधरा आणि सातची सरासरी 11. अकरा आणि उणे अकराची सरासरी शून्य. ठोकळा शून्यावर थांबत नाही, पण त्याच्या झोक्यांतून शून्य अचूक सापडते. पल्ला सरळ रेषेत घटत असेल तर ही रीत तंतोतंत बरोबर उत्तर देते. टक्केवारीने घटत असेल तर थोडी चूक राहते: 15, −11 आणि 8.1 घेतले तर शून्याऐवजी सुमारे पाव सेंटिमीटर येते.

अडकण्याची ही पट्टी मोठ्या यंत्रांतही भेटते. ट्रकच्या पाट्यांच्या कमानी एकमेकींवर घासतात आणि त्याच घर्षणाने गाडीचे हेलकावे आवरतात. पण रस्त्यातला धक्का घर्षणाच्या मर्यादेपेक्षा लहान असेल तर पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत, कमान एकसंध लोखंडासारखी वागते आणि धक्का जसाच्या तसा गाडीच्या चौकटीत जातो. रिकामा ट्रक बऱ्यापैकी सपाट रस्त्यावरही अंग खिळखिळे करतो, त्याला हेही एक कारण आहे.

इमारतींच्या बाबतीत तर ही पट्टी अभियंत्याला आधी मोजावी लागते. 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात व्हिक्टर झायास यांनी भूकंपासाठी घर्षण-लंबकाचे बेअरिंग पुढे आणले. खांबाच्या खाली पोलादाची उथळ बशी असते आणि तिच्यावर घसरणारा टेकू. जमीन हलली की टेकू बशीत घसरतो, बशीचा उतार त्याला मध्याकडे परत लोटतो आणि घर्षण हेलकावे जिरवते. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचे 2000 मध्ये सुरू झालेले आंतरराष्ट्रीय टर्मिनल अशा बेअरिंगांवर उभे आहे. इथे परत लोटणारे बळ आणि घर्षण दोन्ही इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात असतात, म्हणून वजन हिशेबातून निघून जाते. मध्यापासून अडकण्याचे सर्वाधिक अंतर म्हणजे घर्षणगुणांक गुणिले बशीच्या गोलाईची त्रिज्या. त्रिज्या 2 मीटर आणि घर्षणगुणांक 0.05 धरला तर 10 सेंटिमीटर. भूकंप सरल्यावर इमारत मूळ जागेपासून इतकी बाजूला राहू शकते. त्रिज्या लहान केली तर हे अंतर घटते, पण इमारत भरभर झुलू लागते आणि भूकंपाच्या धक्क्यांपासून मिळणारे संरक्षण कमी होते. घर्षण कमी केले तर हेलकावे जिरवायला काही उरत नाही. व्यवहारात भूकंपाच्या शेवटच्या बारीक थरथरीने टेकू मध्याकडे बराच सरकतो, तरी आराखडा करताना सर्वांत वाईट आकडा गृहीत धरावा लागतो.

घरी पडताळा घ्यायचा असेल तर टेबलावर ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगा बांधा, शेजारी मोजपट्टी चिकटवा आणि मोबाइलवर स्लो मोशन चित्रफीत घ्या. ठोकळा ज्या ज्या ठिकाणी वळतो ते आकडे उतरवून लागोपाठची वजाबाकी करा. वजाबाक्या सारख्या आल्या तर घर्षण कोरडे आहे. भागाकार सारखे आले तर विरोध हवेचा किंवा तेलाचा. कोरडे निघाले तर पायरी भागिले 2 म्हणजे मध्याचे सरकणे. ते मीटरमध्ये घेऊन (6.28 भागिले आवर्तकाल) याच्या वर्गाने गुणा आणि 9.8 ने भागा. उत्तर येईल तो ठोकळा आणि टेबल यांच्यातला घर्षणगुणांक. वर सोडवलेल्या ठोकळ्याचा तो 0.2 येतो, आणि तो काढायला ना वजनकाटा लागतो ना स्प्रिंगचा ताठरपणा.